विषयाच्या ओळीतलं 'पुढे ढकलला' कुणालाच दिसलं नाही

पडद्यामागची | सोमवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका हौशी नाट्यमंडळाची चिटणीस. सभासद, देणगीदार आणि नेहमी येणारे प्रेक्षक असे मिळून सुमारे दोनशे जणांना ईमेल पाठवणं, तिकिटांचा हिशेब ठेवणं आणि प्रयोगाच्या दिवशी चहाचं बघणं ही माझी कामं.

रविवारी 14 तारखेला आमचा प्रयोग होता. नायकाचा घसा बसला म्हणून शुक्रवारीच तो आठवडाभर पुढे ढकलायचं ठरलं. मी लगेच सगळ्यांना मेल टाकला. विषय असा होता, जसाच्या तसा देते:

```
रविवार दि. 14 रोजी सायं. 7 वा. रवींद्र भवन साखळी येथे होणारा आमच्या मंडळाचा नाट्यप्रयोग अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात आला आहे
```

रविवारी संध्याकाळी पाऊण तास मी दाराशी उभी होते, कारण मनात शंका होतीच. अकरा माणसं आली. त्यातलं एक कुटुंब पेडण्याहून, म्हातारी आई गाडीत. "मेल मिळाला नाही का?" असं विचारल्यावर त्या गृहस्थांनी फोन काढून दाखवला: "मिळाला की! तुम्हीच आठवण केलीत." त्यांच्या यादीत दिसत होतं:

```
रविवार दि. 14 रोजी सायं. 7 वा. रवींद्र भवन साखळी…
```

मला बोलायला तोंड राहिलं नाही. मेलात मी सगळं नीट लिहिलं होतं, पण तो उघडलाच कुणी नाही. त्यांच्या दृष्टीने विषयातच सगळं आलं होतं.

पाठवण्याआधी मी विषय दोनदा वाचला होता. शुद्धलेखनाची एक चूक नाही. मग तपासायचं ते नेमकं काय? 21 तारीख जवळ येतेय, आणि आणखी तीन मेल जायचे आहेत.

---

वाळपईचो वारो | सोमवार, रात्री 10:41

ताई, माझ्या फोनवर तुमच्या धाग्याचं शीर्षक "विषयाच्या ओळीतलं 'पुढे ढकलला' कुणालाच दिसलं…" इथे तुटतंय. म्हणजे आता तुम्हीच सांगा, दिसलं की नाही दिसलं?

---

पडद्यामागची | सोमवार, रात्री 10:44

अरे देवा. हसू की रडू?

---

तळ्यात_मळ्यात | सोमवार, रात्री 11:05

यात अवघड काही नाही. विषय 50 अक्षरांच्या आत ठेवायचा, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम आहे. एक्सेलमध्ये `LEN` लावा, 50 च्या वर गेला तर कापा. तुमचा विषय मी मोजला, 129 भरतो. तिथेच घोटाळा.

---

आबा_केपेकर | मंगळवार, सकाळी 6:30

मी सरकारी कचेरीत 34 वर्षं टिपणी आणि मसुदे लिहिले. पत्राच्या विषयाची एक शिस्त असते. विषय क्रियापदावर संपत नाही, तो 'बाबत' किंवा 'संदर्भात' वर संपतो. "दि. 14 रोजीच्या नाट्यप्रयोगाबाबत." बस्स. निर्णय काय झाला ते खाली मजकुरात. विषयातच अख्खी बातमी सांगायची ही हल्लीची घाई आहे, आणि घाईमुळेच ओळ लांबते.

---

पर्वरीकर | मंगळवार, सकाळी 9:15

माझा दिवस याच कामात जातो. एका कंपनीतून जाणाऱ्या मेलांचे विषय पाठवण्याआधी मी वाचतो, इंग्रजी, मराठी आणि हिंदीही. तेव्हा थोडं सविस्तर.

पडद्यामागची, तुमची चूक लांबीपेक्षा क्रमाची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे येतो. होणार नाही, मिळणार नाही, पुढे ढकलला, रद्द झाला. जी गोष्ट वाक्याचा अर्थ उलटवते तीच सगळ्यात मागे बसलेली असते. फोन कापतो तो शेपटीकडून. त्यामुळे उरलेला तुकडा अर्धवट दिसत नाही, तो पूर्ण आणि उलट्या अर्थाचा दिसतो, आणि म्हणून कुणाला शंकाही येत नाही. तुमच्या विषयात 'पुढे' हा शब्द 109 व्या जागी सुरू होतो. त्या गृहस्थांचा फोन 48 व्या जागी, 'साखळी'पाशी थांबला. मधली साठ अक्षरं 'येथे होणारा', 'आमच्या मंडळाचा', 'अपरिहार्य कारणास्तव' यांनी खाल्ली. त्यातलं मंडळाचं नाव तर पाठवणाऱ्याच्या जागी आधीच दिसत असतं.

म्हणून पहिली तपासणी अशी: विषय लिहून झाला की त्याच्या शेवटच्या अर्ध्या भागावर हात ठेवा आणि उरलेलं एखाद्या अनोळखी माणसासारखं वाचा. त्यातून जो अर्थ निघेल तोच लोकांपर्यंत जाणार असं धरून चाला. मी असा बदलला असता:

```
पुढे ढकलला: रवि. 14 चा प्रयोग, साखळी. आता रवि. 21
```

हा कुठेही तुटला तरी खोटं बोलत नाही. 'प्रयोग'वर तुटला तरी चालेल. 'आता'वर तुटला तर माणूस मेल उघडेल, आणि तेच आपल्याला हवंय.

आबा, 'बाबत'चं सांगतो. फायलीतल्या कागदावर ते बरोबर आहे, कारण तिथे विषय आणि मजकूर एकाच नजरेत दिसतात. मेलच्या यादीत विषय एकटाच उभा असतो. "नाट्यप्रयोगाबाबत" वाचून पेडण्याचं कुटुंब घरी थांबलं असतं का?

---

आबा_केपेकर | मंगळवार, सकाळी 9:50

थांबलं नसतं, पण फसलंही नसतं. 'बाबत' वाचून निदान मेल उघडला असता. तुमची 'पुढे ढकलला:' ही सुरुवात मला वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखी वाटते. पत्राला एक रीत असते.

---

पर्वरीकर | मंगळवार, सकाळी 10:20

उघडला असता हे मान्य. तेवढा मुद्दा तुमचा.

तळ्यात_मळ्यात, तुमच्या 50 बद्दल. तो आकडा इंग्रजीतून आलाय. `LEN` मराठीत अक्षर मोजत नाही. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळं ते वेगवेगळं मोजतं. 'कार्यक्रम' आपल्याला चार अक्षरी वाटतो, `LEN` त्याला 9 म्हणतं. 'साखळी' तीन अक्षरी, `LEN` 5. आणि फोन तर यातलं काहीच मोजत नाही, तो रुंदी बघतो. वेलांटी वाढवली तर रुंदी थोडी वाढते, उकार लावला तर बहुतेक वाढत नाही, 'ण' आणि 'र' यांच्या रुंदीत केवढा फरक. शिवाय फोनचा पडदा किती मोठा, त्या माणसाने अक्षरं किती मोठी करून ठेवलीत, यावरही आहे. चष्म्यावाल्या आजोबांच्या फोनवर तोच विषय निम्म्यावर तुटतो.

म्हणून आकड्यापेक्षा खरा मेल स्वतःला पाठवा आणि घरातल्या सगळ्यात छोट्या फोनवर, अक्षरं मोठी करून, यादीत कसा दिसतो ते बघा. मोजायचंच असेल तर एवढंच मोजा की अर्थ फिरवणारा शब्द कितव्या जागी आहे. तो पहिल्या वीसात असला की मला झोप लागते.

---

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, सकाळी 10:48

तुमचा सुधारलेला विषय मी मोजला. 49 भरला! म्हणजे माझा नियम चुकीचा नव्हता.

---

पर्वरीकर | मंगळवार, सकाळी 10:55

योगायोग, भाऊ. हाच विषय उलटा लिहा: "साखळीतला रवि. 14 चा प्रयोग रवि. 21 वर पुढे ढकलला." तोही 50 च्या आसपासच भरेल, आणि पेडण्याचं कुटुंब पुन्हा येईल.

---

गजानन मास्तर | मंगळवार, दुपारी 1:30

शाळेतून पालकांना संदेश पाठवायचं काम माझ्याकडे असतं. तिथे विषय वगैरे नसतोच, पण मराठी संदेश 70 अक्षरांनंतर तुटतो आणि पैसे दुप्पट लागतात. इंग्रजीत 160 चालतात. म्हणजे ताईंचा विषय संदेशात दोन तुकड्यांत गेला असता. मग मेलला इतका त्रास का?

---

पर्वरीकर | मंगळवार, दुपारी 2:05

मास्तर, तो वेगळा प्रश्न. संदेशात 70 ही पाठवण्याची मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की तुकडे होतात, एका तुकड्यात 67 मावतात, आणि समोरच्या फोनवर ते पुन्हा जोडले जातात. मजकूर सगळा पोचतो. मेलचा विषयही सगळाच पोचतो. तो नुसता दाखवला अर्धा जातो, हा ताईंचा घोटाळा.

---

गजानन मास्तर | मंगळवार, दुपारी 2:30

समजलं. मग माझी एक जुनी चूक सांगतो, ती कदाचित इथे बसेल. वर्गणी थकलेल्या पालकांना पत्र काढायचं होतं. विषय छापला: "वर्गणी भरलेल्या पालकांसाठी अंतिम सूचना." 'न' राहिला. ज्यांनी भरली नव्हती त्यांना वाटलं हे आपल्यासाठी नाही, आणि ज्यांनी वेळेत भरली होती त्यांचे फोन संध्याकाळपर्यंत चालू, "मास्तर, पावती दाखवू का?" तिघांनी वाचून पाहिलं होतं. तिघांनाही तो 'न' दिसला, कारण असायला हवा होता.

---

पर्वरीकर | मंगळवार, दुपारी 3:10

मास्तर, तुम्ही दाखवलेला शब्द माझ्या यादीत पहिला आहे. एका अक्षराचा 'न' गळला तर शुद्धलेखन तपासणारं यंत्र गप्प बसतं, कारण 'भरलेल्या'ही बरोबर आणि 'न भरलेल्या'ही बरोबर. त्याला वाक्य कळत नाही, शब्द कळतात.

आणि ज्याने विषय लिहिला त्याला गळलेला शब्द दिसत नाही, मग तो कितीही वेळा वाचो. अर्थ डोक्यात आधीच असतो, डोळे फक्त हजेरी लावतात. माझी पद्धत अशी. विषय तेवढा एकटा कापून दुसऱ्या माणसाला पाठवायचा, आतला मजकूर द्यायचा नाही, आणि विचारायचं: "हे कुणासाठी आहे, आणि तुम्ही आता काय कराल?" "बरोबर आहे का?" असं कधी विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. तुमच्या त्या तिघांपैकी एकाला जरी विचारलं असतं की हे पत्र कुणाला जाणार, तर 'न' तिथेच सापडला असता.

गळण्यात दुसरा नंबर 'हस्ते'चा. मला एकदा असा विषय आला होता: "अध्यक्षांच्या ज्येष्ठ कलाकारांचा सत्कार." अध्यक्षांचे कलाकार? 'हस्ते' पडला होता. हा निदान खटकतो तरी. पण कुणीतरी तो खटकला म्हणून घाईत "अध्यक्ष व ज्येष्ठ कलाकारांचा सत्कार" असा 'दुरुस्त' केला, आणि अध्यक्ष सत्कार करणाऱ्यांच्या रांगेतून सत्कार घेणाऱ्यांच्या रांगेत गेले. गळलेला शब्द अंदाजाने भरू नये, लिहिणाऱ्याला फोन करावा. तिसरा 'पर्यंत'. "30 तारखेपर्यंत" लिहायचं असतं, टंकताना "30 तारखेला" होतं, आणि सगळे 30 तारखेलाच रांग लावतात.

---

होमस्टेवाली | मंगळवार, सायंकाळी 6:40

मी काणकोणची. तुमचं मराठीचं चाललंय, माझा प्रश्न इंग्रजीचा आहे. पाहुण्यांना इंग्रजीतच मेल जातात. नावांची यादी एक्सेलमध्ये, कुणी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कुणी छोट्या. पुतण्याने एक सूत्र लावून दिलं की सगळं एकसारखं होईल. झालं असं:

```
=PROPER("D'SOUZA'S 2ND BOOKING: GST BILL")
D'Souza'S 2Nd Booking: Gst Bill
```

एका पाहुण्याने परत विचारलं की हा खरंच तुमचाच मेल आहे की फसवणुकीचा. मला इतकं लागलं! चूक कुठे?

---

पर्वरीकर | मंगळवार, रात्री 8:15

पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. `PROPER` चा नियम सोपा: जे अक्षर दुसऱ्या अक्षराला लागून येत नाही ते मोठं, बाकी सगळी छोटी. आपल्या गोव्यात हा नियम आधी खूप हुशार वाटतो, कारण D'Souza, D'Mello ही नावं तो बिनचूक करतो. पण ज्या खुणेमुळे Souza चा एस मोठा झाला, त्याच खुणेमुळे पुढचा 's' देखील मोठा झाला. 2 हा अंक आहे, अक्षर नाही, म्हणून त्याला लागलेला 'n' मोठा. आणि GST हा त्याच्या लेखी एक साधा शब्द, म्हणून Gst.

सूत्र पूर्ण विषयाला न लावता फक्त नावाच्या खान्याला लावा. बाकीचे शब्द हाताने जसे हवेत तसे लिहून ठेवा:

```
="Booking confirmed: "&PROPER(A2)&", GST bill"
```

आणि ज्यांनी खुणेशिवाय DSOUZA लिहून दिलंय तो Dsouza होईल, ते सूत्राला कळणार नाही. यादीत मोठी अक्षरं गमावलेली नावं एकदा डोळ्यांनीच बघावी लागतात.

पाहुण्याला शंका आली ती रास्त आहे. अशी वेडीवाकडी मोठी अक्षरं माणूस टंकत नाही, यंत्र टंकतं. वाचणाऱ्याला ते नेमकं सांगता येत नाही, पण जाणवतं.

---

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, रात्री 8:32

सगळी अक्षरं मोठी केली तर मेल थेट स्पॅममध्ये जातो, तेही सांगून टाका.

---

पर्वरीकर | मंगळवार, रात्री 8:50

थेट नाही. स्पॅमअ‍ॅसॅसिन नावाच्या गाळणीत त्याचा एक नियम आहे, `SUBJ_ALL_CAPS`. पण ती गाळणी अनेक नियमांचे गुण जोडते, आणि मूळ मांडणीत बेरीज 5 झाली तर स्पॅम ठरवते. एकट्या मोठ्या अक्षरांनी तिथपर्यंत पोचत नाही, इतर गोष्टी आधीच संशयास्पद असतील तर धक्का लागतो. देवनागरीला मोठी-छोटी अक्षरं नाहीतच, त्यामुळे मराठी विषयाला हा नियम लागूच नाही.

---

वाळपईचो वारो | मंगळवार, रात्री 9:20

म्हणजे मोठ्या-छोट्या अक्षरांच्या भानगडीतून मराठीवाले सुटले. देव बरें करूं!

---

पर्वरीकर | मंगळवार, रात्री 9:45

इतक्या लवकर नको. आपल्याकडे ती चूक वेश बदलून येते.

रोमन अक्षरांत टंकून मराठी उमटवणाऱ्या काही पद्धतींत छोटा t म्हणजे त आणि मोठा T म्हणजे ट. तसंच n चा न आणि N चा ण, d चा द आणि D चा ड, l चा ल आणि L चा ळ. आता फोन किंवा संगणक वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. विषय ही वाक्याची सुरुवात, म्हणून पहिल्या शब्दावरच घाव बसतो. 'तारीख'ची 'टारीख' होते, 'नाटक'चं 'णाटक'. ही निदान हास्यास्पद दिसतात. 'तिकीट'चं 'टिकीट' झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण निम्मा गाव तसंच बोलतो.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दुसरा प्रकार. तिथे k वर क आणि शिफ्ट धरून ख, i वर ग आणि शिफ्टने घ, h वर प आणि शिफ्टने फ. शिफ्ट सोडायला क्षणभर उशीर झाला की 'कर भरणा' चा 'खर भरणा', 'गाव' चा 'घाव'. तपासताना पहिलं अक्षर आणि शिफ्ट धरून टंकलेल्या प्रत्येक अक्षरानंतरचं अक्षर नीट बघा. शिफ्ट तिथेच अडकते, कारण हात नुकताच तिच्यावरून आलेला असतो.

---

होमस्टेवाली | मंगळवार, रात्री 10:05

"टारीख" मी स्वतः पाठवलंय. गप्प बसते.

---

पडद्यामागची | बुधवार, दुपारी 12:10

सगळ्यांचे आभार. काल मी खजिनदारांच्या संगणकावरून वर्गणीचा मेल तयार केला. तिथल्या जुन्या यादीत विषयाचा खाना आपोआप ठरावीक लांबीला कापला जातो. मला दिसलं "…वर्गणी बाक". मी पाच मिनिटं विचार करत होते की वर्गणीतून बाक कधी घेतला आपण. 'बाकी'ची वेलांटी गेली होती! हे कशाने?

---

पर्वरीकर | बुधवार, दुपारी 12:45

बाकावरून आठवण ठेवायला सोपं जाईल.

एक्सेलमधलं `LEFT` किंवा तसं काही लावलेलं असणार. `LEN` जसं काना-वेलांटी वेगळी मोजतं, तसंच `LEFT` ती वेगळी कापतं. चाकू क आणि वेलांटीच्या मधोमध पडला. कधी हलन्तावर पडतो, मग शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळतं. ते बरं म्हणायचं, कारण दिसतं तरी. 'बाक' हा धडधाकट शब्द आहे, म्हणून धोका.

काही यंत्रणा अक्षरांऐवजी बाइट मोजून कापतात. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. 50 वर कापलं तर 16 खुणा पूर्ण बसतात आणि सतराव्याचे दोन तुकडे आत, एक बाहेर. मग शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, असं: �. ते दिसलं तर समजा की कापणारा चाकू तुमच्याकडेच आहे, वाचणाऱ्याच्या फोनवर नाही. फोन कापतो तेव्हा तीन ठिपके देतो. हा फरक उपयोगी आहे. ठिपके असतील तर शब्दांचा क्रम बदलायचा, प्रश्नचिन्ह असेल तर यंत्रणा सांभाळणाऱ्याला गाठायचं.

तिसरी खूण शब्द चिकटण्याची. विषयात देवनागरी असली की ती प्रवासात वेगळ्या वेष्टणात जाते. 'रविवार' असा दिसतो:

```
=?UTF-8?B?4KSw4KS14KS/4KS14KS+4KSw?=
```

एका वेष्टणाची लांबी 75 च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून अशा एका वेष्टणात आपल्या 15 खुणाच मावतात, आणि लांब विषय अनेक वेष्टणांत जातो. शेजारशेजारच्या वेष्टणांमधली मोकळी जागा उघडताना टाकून द्यायची असा नियम आहे. पाठवणाऱ्या प्रणालीने प्रत्येक शब्द वेगळा गुंडाळला आणि जागा वेष्टणाच्या आत ठेवायला विसरली, तर सगळे शब्द एकमेकांना चिकटून पोचतात. पाठवताना तुमच्या पडद्यावर सगळं ठीक असतं. म्हणून म्हणतो, स्वतःला पाठवून बघा. लिहिलेल्या खिडकीत तपासून हे सापडत नाही.

---

आबा_केपेकर | बुधवार, सायंकाळी 5:15

हे सगळं वाचलं. एक शंका. 'पुढे ढकलला' अशी सुरुवात केली की ज्याने मूळ निमंत्रणच वाचलं नाही त्याला काय कळणार? काय ढकललं?

दुसरं, गावाचं नाव शेवटाकडे नेलंत. माझा भाचा कणकवलीकडे असतो. तिथे फोंडाघाटालाही लोक फोंडाच म्हणतात. सावर्डे आमच्या इथेही आहे आणि चिपळूणकडेही. विषय "…प्रयोग, फोंडा…" असा तुटला तर कुठला फोंडा?

---

पर्वरीकर | बुधवार, सायंकाळी 6:00

गावाचा मुद्दा खरा आहे आणि मी तो विचारात घेतला नव्हता. बहुतेक वाचणारे गोव्यातले असतील तर फोंडा म्हणजे आपलाच. पण सिंधुदुर्गातले प्रेक्षक यादीत असतील तर गावापेक्षा नाट्यगृहाचं नाव द्यावं लागेल, आणि ते लांब असतं. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पहिल्या शंकेवर: ज्याने निमंत्रण वाचलं नाही तो येणारच नव्हता. विषय त्याच्यासाठी नाही, निघायच्या तयारीत असलेल्यासाठी आहे.

---

पडद्यामागची | बुधवार, रात्री 9:30

मंडळात आज यावरच वाद झाला. खजिनदारांचं म्हणणं, विषयाची सुरुवातच 'पुढे ढकलला'ने केली की देणगीदार घाबरतात, त्यांना वाटतं मंडळात काहीतरी बिनसलं. त्यांना "नवी तारीख: रवि. 21" असं हवंय. मला ते पटतंय आणि नाहीही. 'नवी तारीख' वाचून जुनी गेली हे कळतं का? पेडण्याच्या गृहस्थांना मी आज फोन करून दोन्ही विषय वाचून दाखवले, आत काय लिहिलंय ते न सांगता, आणि पर्वरीकरांनी सांगितलं तसं विचारलं, "तुम्ही काय कराल?" पहिल्यावर म्हणाले, "14 ला येणार नाही." दुसऱ्यावर म्हणाले, "बघू, कुठली नवी तारीख? दोन प्रयोग आहेत का?"

खजिनदार म्हणतात एका माणसाच्या उत्तरावरून ठरवायचं नाही. उद्या आणखी चौघांना विचारणार आहे.

तोवर 21 चा आठवणीचा मेल असा तयार केलाय. बघून सांगा:

```
रवि. 21, सायं. 7: आपला प्रयोग, साखळी. जुनी तिकिटं चालतील
```

---

गजानन मास्तर | बुधवार, रात्री 9:52

"जुनी तिकिटं चाल…" वर तुटला तर कुणी म्हणेल चालणार नाहीत. पण ते जरा ताणून झालं.

---

वाळपईचो वारो | बुधवार, रात्री 10:03

ताई, तुम्ही तो मेल 14 तारखेच्या निमंत्रणाला उत्तर म्हणून पाठवणार आहात की नवीन? मागच्या वेळी माझ्या मामाने असंच केलं. जुन्याच मेलला `Re:` करून नवी तारीख कळवली, विषय तोच ठेवला. सगळ्यांना यादीत जुनीच तारीख दिसली.

---

पडद्यामागची | बुधवार, रात्री 10:10

…उत्तर म्हणूनच पाठवणार होते. मसुदा पुसते, नवीन लिहिते.